पहिला नंबर न दाखवणारा निकाल

गेममधली अचिव्हमेंट म्हणजे ठरावीक कामगिरी केल्यावर मिळणारा बिल्ला, आणि लीडरबोर्ड म्हणजे खेळाडूंची गुणानुक्रमे लावलेली यादी. दोन्हींमधून खेळाडूला एकच गोष्ट कळते: इथे काय मोजले जाते. जे मोजले जाते तेच खेळाडू करू लागतो, मग त्यात मूळ खेळ उरो वा न उरो.

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ या गेममध्ये हे उघड दिसले. दोन संघांच्या या लढाईत खेळाडूला नऊ पात्रांपैकी एक निवडायचे असते. ‘मेडिक’ हे त्यातले साथीदारांवर उपचार करणारे पात्र. एप्रिल २००८मध्ये कंपनीने मेडिकसाठी नव्या अचिव्हमेंट आणल्या आणि त्यांतल्या ठरावीक संख्येइतक्या मिळवल्या की नवे शस्त्र मिळेल, अशी योजना केली. हेतू चांगला होता. मेडिक व्हायला फारसे कोणी तयार नसे, ते व्हावे. पण झाले असे की संघच्या संघ मेडिकने भरले आणि उपचार घ्यायला लढणारेच उरले नाहीत. एका अचिव्हमेंटसाठी उपचारांचे एकूण १० लाख गुण साठवायचे होते. ते लढाईत मिळवायला फार वेळ लागतो. मग खेळाडूंनी खास नकाशे तयार केले, ज्यांत लढाई नव्हतीच. एकाने मुद्दाम जखमी होत राहायचे आणि दुसऱ्याने त्याला बरे करत राहायचे, असा हा कारभार होता.

मे २००९मध्ये कंपनीने दुसरी वाट धरली. खेळता खेळता शस्त्रे अधूनमधून आपोआप मिळू लागली. आता मोजला जात होता तो खेळण्यात घालवलेला वेळ. लगेच काहींनी न खेळताच खेळत असल्याचा भास निर्माण करणारे प्रोग्रॅम चालवून शस्त्रे गोळा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने अशा खेळाडूंच्या वस्तू काढून घेतल्या आणि बाकीच्यांना डोक्याभोवती मिरवायचे तेजोवलय भेट दिले.

या प्रकरणात दोन चुका एकत्र आल्या होत्या. पहिली, बिल्ल्याला खेळात उपयोगी पडणारे बक्षीस जोडले. बिल्ला नुसता शोभेचा असेल तर तो खोट्या मार्गाने मिळवण्याची ओढ बरीच कमी होते. शस्त्र मिळणार असेल तर प्रामाणिक खेळाडूलाही मागे पडण्याची भीती वाटते. दुसरी, नुसती बेरीज मोजली. ‘१० लाख गुण’ ही अट कौशल्य मोजत नाही, चिकाटी मोजते, आणि चिकाटीचे काम यंत्राकडून किंवा मित्राकडून करून घेता येते. ‘सामना जिंकताना अमुक करून दाखवा’ अशी अट घातली की अचिव्हमेंटसाठी खरा सामना खेळावाच लागतो.

लीडरबोर्डची अडचण वेगळी आहे. अनेक गेममध्ये गुणांचा हिशेब खेळाडूच्याच संगणकावर होतो आणि सर्व्हरला फक्त शेवटचा आकडा कळवला जातो. सर्व्हर तो आकडा मुकाट्याने लिहून घेतो. तो कळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फेरफार केला की हवा तो आकडा पाठवता येतो. म्हणूनच काही याद्यांच्या माथ्यावर 2147483647 हा आकडा दिसतो. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. ती दिसली की गुण कमावलेले नाहीत, लिहिलेले आहेत, असे खुशाल समजावे. स्टीमवर यावर एक उपाय आहे. लीडरबोर्डवर लिहिण्याचा अधिकार खेळाडूच्या संगणकाकडून काढून फक्त गेमकर्त्याच्या सर्व्हरला देता येतो. पण मग खेळ तपासणारा सर्व्हर चालवावा लागतो. छोट्या कंपनीला तो खर्च जड जातो आणि हुशारीने केलेली फसवणूक तरीही निसटते.

यादी प्रामाणिक असली तरी नवख्याला तिचा उपयोग काय? पहिल्याच दिवशी त्याला आपला क्रमांक ४८,२१३ दिसतो. पुढच्या आठवड्यात मेहनतीने तो ४१,००० होतो, आणि त्यातून पुढे काय करावे हे काहीच कळत नाही.

या दोन्ही दुखण्यांवर झॅकट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने, म्हणजे झॅक बार्थ आणि सहकाऱ्यांनी, काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे. ‘स्पेसकेम’ या २०११च्या गेमपासून त्यांनी कोडे सुटल्यावर जगभरच्या खेळाडूंची यादी न दाखवता आयतालेख दाखवला. शाळेच्या गणितात असतो तोच हा आलेख. आडव्या अक्षावर गुण, उभ्या अक्षावर तितके गुण मिळवणाऱ्यांची संख्या आणि खेळाडू स्वतः कुठे आहे त्याची खूण.

‘ओपस मॅग्नम’ या २०१७च्या गेममध्ये ही पद्धत अधिक स्पष्ट दिसते. त्यात किमयागार होऊन यंत्रे बांधायची असतात. षटकोनी घरांच्या पटावर यांत्रिक हात मांडायचे, ते कण उचलतात, फिरवतात, जोडतात. शिशाचे टप्प्याटप्प्याने सोने करणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेता येईल. यंत्र चालले की तीन आलेख दिसतात: खर्च, लागलेली आवर्तने आणि व्यापलेली जागा. नवख्याने एकच हात वापरून यंत्र बांधले असेल तर पहिल्या आलेखात तो चक्क चांगल्या बाजूला दिसतो, कारण एका हाताला खर्च कमी येतो. आवर्तनांच्या आलेखात मात्र तो पिछाडीला असतो. एकच हात सगळी कामे एकामागून एक करतो, त्याला वेळ लागणारच. दुसरा हात जोडला की वेग वाढतो, खर्च वाढतो आणि बहुधा जागाही वाढते. तिन्ही मोजमापांत एकाच यंत्राने अव्वल ठरणे फार कठीण असल्यामुळे ‘जगात पहिला कोण’ हा प्रश्नच मोडीत निघतो. खेळाडू स्वतः ठरवतो की आज वेग साधायचा की काटकसर.

खोटे आकडे इथेही पाठवता येतात. पण आलेखात नाव नसते, त्यामुळे खोटे बोलून मिरवता येत नाही. हजारो प्रामाणिक आकड्यांत दोन-चार खोटे आले तर आलेखाच्या टोकाला एक बारीकशी रेघ उमटते, इतकेच. नावे दिसतात ती फक्त मित्रांच्या छोट्या यादीत, आणि तिथे अशक्य आकडा दिसला तर मित्रच ‘यंत्र दाखव’ म्हणतात. चालत्या यंत्राचे छोटे चलच्चित्र गेममधूनच काढता येत असल्यामुळे पुरावा देणेही सोपे आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. खेळाडू मोजकेच असतील तर आलेख विरळ दिसतो आणि त्यातून काही कळत नाही. दोघांनी समोरासमोर खेळायच्या गेममध्ये, बुद्धिबळासारख्या, तो पुरेसा नाही. तिथे तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधून देणारे रेटिंगच हवे. शर्यतीच्या गेमसाठी ‘ट्रॅकमेनिया’ची पदके अधिक सोयीची आहेत. प्रत्येक ट्रॅकवर कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि ट्रॅक बनवणाऱ्याने स्वतः नोंदवलेली वेळ, असे चार टप्पे असतात. नवख्याची झुंज अनोळखी विक्रमवीराशी नसते, तर पुढच्या पदकाच्या वेळेशी असते, आणि ती वेळ इतरांच्या फसवणुकीने हलत नाही.

बेत फसतो आहे हे ओळखण्याची एक साधी जागा म्हणजे स्टीमवर प्रत्येक अचिव्हमेंटपुढे दिसणारी टक्केवारी. पहिल्या टप्प्याची अचिव्हमेंट बहुतेकांना आणि दुसऱ्याची एकदम थोड्यांना मिळालेली दिसली, तर खेळाडू मधेच गळत आहेत. अतिशय अवघड अचिव्हमेंट सोप्यापेक्षा जास्त जणांकडे असेल, तर ती मिळवण्याची पळवाट कोणाला तरी सापडली आहे. गेम बनवणाऱ्याने पहिल्या शंभर नावांची यादी लावण्याआधी हे आकडे पाहावेत, आणि ज्याला आज पहिल्यांदा कोडे सुटले त्याच्यासमोर आधी त्याची स्वतःची जागा ठेवावी.