हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवायचे तीन कागद

मनगटी घड्याळातली नाडीची नोंद बाहेर काढली की हाती एक अजस्र फाईल येते. ॲपलच्या हेल्थ ॲपमधून `export.zip` उतरवून घेतली तर तिच्यात `export.xml` असते. वर्ष-दोन वर्षांच्या वापरानंतर ती उघडताना घरचा संगणकही कुरकुरतो. ही फाईल किंवा मोबाइलवरचे पन्नास स्क्रीनशॉट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलं, तर हाताशी असलेली दहा-पंधरा मिनिटं स्क्रीन सरकवण्यातच जातात. डॉक्टरांना मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात. एरवी नाडी किती असते, त्रास होतो तेव्हा ती काय करते आणि श्रमाला कशी साथ देते? प्रत्येक प्रश्नाला एक, असे तीन कागद पुरतात.

समजा, ५६ वर्षांच्या एका शिक्षिकेला अधूनमधून अचानक धडधड होते. फॅमिली डॉक्टरांनी १० मार्चला मेटोप्रोलॉल ही नाडी मंदावणारी गोळी सुरू केली. एप्रिलच्या मध्यावर तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तिने काय न्यावं?

पहिला कागद : विश्रांतीची नाडी

यात आठ ते बारा आठवड्यांची नोंद हवी आणि रोजचा एकच आकडा हवा, तो विश्रांतीच्या नाडीचा. बहुतेक घड्याळं तो स्वतःच काढतात. दिवसभराची सरासरी इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात जिने चढणं, भांडण, चहा आणि झोप सगळं एकत्र होतं. प्रौढांची विश्रांतीची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० मानतात. पण डॉक्टरांचं लक्ष त्या चौकटीपेक्षा या बाईंच्या स्वतःच्या पातळीकडे असतं. त्यांची नाडी फेब्रुवारीत ७८ ते ८२ होती आणि गोळी सुरू झाल्यावर ६६ ते ७० वर आली. आलेखावर १० मार्चला एक उभी रेघ मारून ‘मेटोप्रोलॉल सुरू’ असं नाव आणि मात्रेसह लिहिलं, की औषध किती काम करतंय ते लगेच दिसतं. तापाचे दिवस, बदललेली इतर औषधं, नवं घड्याळ घेतल्याची तारीख यांच्याही खुणा कराव्यात. आकडा कारणाशिवाय कित्येक आठवडे चढत राहिला, तर डॉक्टर रक्तक्षय किंवा थायरॉइडची तपासणी सुचवू शकतात.

दुसरा कागद : त्रासाचे प्रसंग

तिन्हींत सर्वांत मोलाचा कागद हाच. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्यावी. तारीख, वेळ, त्या क्षणी काय चाललं होतं, काय जाणवलं, किती वेळ टिकलं आणि कशाने थांबलं, एवढं तिच्यात यावं. खाली त्यांतल्या दोन-तीन ठळक प्रसंगांचे आलेख ठेवावेत. त्रासाच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास पुरे.

आपल्या शिक्षिकेची एक नोंद अशी आहे : २६ मार्च, रात्री ८.४२, टीव्ही पाहत होते, पावलं शून्य, नाडी ७४ वरून १६८, चौदा मिनिटं जवळपास तेवढीच, मग एकदम ८६, डोकं हलकं झालं. २२० मधून वय वजा करून काढलेला ढोबळ कमाल आकडा त्यांच्या बाबतीत १६४ येतो. बसल्या जागी त्याच्याही वर जाणं, अचानक सुरू होणं आणि अचानक थांबणं हे हृदयातल्या विद्युतमार्गाच्या बिघाडाकडे बोट दाखवतं. काळजीने किंवा जागरणाने वाढलेली नाडी सहसा हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते.

त्यामुळे चढ कसा झाला हे नीट दिसायला हवं, आणि फसगत नेमकी तिथेच होते. स्वस्थ बसलेलं असताना बरीच घड्याळं काही मिनिटांनी एकदा नाडी मोजतात. आलेख काढणारं ॲप दोन नोंदींचे ठिपके सरळ रेघेने जोडतं आणि एका क्षणात झालेली उडी पाच मिनिटांच्या चढणीसारखी दिसते. म्हणून छापताना रेघेऐवजी ठिपके ठेवावेत. पुढच्या वेळी धडधड सुरू होताच घड्याळात व्यायामाची नोंद चालू करावी, म्हणजे दर काही सेकंदांनी आकडा मिळतो. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर बोट टेकवून तीस सेकंदांची पट्टी घ्यावी आणि तिची पीडीएफ याच कागदाला जोडावी. नाडीच्या आलेखातून वेग कळतो. ठोका हृदयात कुठून उठला हे सांगायला ईसीजीच लागतो.

वेळही तपासून घ्यावी. काही फायलींत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री ८.४२ चा प्रसंग तिथे दुपारी ३.१२ ला सापडतो आणि वहीतल्या नोंदीशी जुळत नाही.

तिसरा कागद : श्रम आणि उतार

रोजच्याच ओळखीच्या श्रमाची तुलना इथे करायची. शिक्षिकेने सोसायटीचे चार मजले नेहमीच्या गतीने चढून पाहिले. गोळीपूर्वी वर पोचताना नाडी १३२ होती आणि थांबल्यावर एका मिनिटाने १०८. गोळीनंतर १०४ आणि ८८. शेजारी त्यांनी लिहिलं, ‘आता तिसऱ्या मजल्यावर पाय जड होतात.’ या एका वाक्यामुळे डॉक्टर मात्रेचा फेरविचार करू शकतात. व्यायामानंतर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते याला ट्रेडमिल चाचणीत महत्त्व असतं. तिथले निकष घरच्या जिन्याला जसेच्या तसे लावू नयेत. घरी आपली आपल्याशीच तुलना करावी. हा कागद करण्यासाठी मुद्दाम दमछाक करू नये आणि चढताना छातीत दुखलं तर तिथेच थांबावं.

चालताना एक खोटा आकडा हमखास येतो. मनगटाचं घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतं. पट्टा सैल असला की हाताच्या झोक्यालाच ते लाट समजतं. सेकंदाला दोन पावलं पडत असतील, तर नाडी नेमकी १२० च्या आसपास अडकून राहते. पावलांचा वेग आणि नाडी हातात हात घालून चालताना दिसली, तर ती नोंद गाळावी. उलटही घडतं. एकाआड एक ठोका अवेळी पडला तर त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही, आणि हृदय ८० वर असताना घड्याळ ४० दाखवतं. असा आकडा खोडू नये. शेजारी ‘बोटांनी मोजली तेव्हा इतकी’ असं लिहावं आणि नाडी अनियमित लागत असेल तर तेही नोंदवावं.

भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काही धडधडीबरोबर झालं, तर कागद जमवत बसू नये. १०८ ला फोन करावा.

तिन्ही कागद प्रत्येकी एकाच पानाचे ठेवावेत. मूळ फाईल फोनमध्ये राहू द्यावी. लागलीच तर डॉक्टर मागतील. दुसऱ्या कागदाच्या माथ्यावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहावं : ‘महिन्यातून किती वेळा.’ पुढची तपासणी बरीचशी त्यावर ठरते. धडधड रोज होत असेल तर चोवीस तासांचा होल्टर पुरतो. महिन्यातून दोनदाच होत असेल तर होल्टरच्या दिवशी नेमकी ती होणार नाही आणि अहवाल ‘सर्व ठीक’ येईल. अशा वेळी कित्येक दिवस अंगावर राहणारं नोंदणीयंत्र लावावं लागतं.