लाटेसारख्या रेषेत लपलेला वेग

स्प्रिंगला 200 ग्रॅमचं वजन टांगलं, ते थोडं खाली ओढलं आणि सोडून दिलं. खाली जमिनीवर ठेवलेला अंतरमापक सेन्सर वजनाचं अंतर क्षणाक्षणाला टिपतो आहे आणि पडद्यावर लाटेसारखी रेषा उमटते आहे. वजन मात्र त्या लाटेवरून धावत नाही. ते फक्त वर-खाली होतं. आडव्या अक्षावर पुढे सरकतो तो काळ.

समजा, रेषा 46 सेंटिमीटरपासून निघते, 54 पर्यंत चढते आणि पुन्हा 46 वर येते. आयाम किती? पुष्कळ विद्यार्थी 8 म्हणतात, काही तर 54. आयाम म्हणजे मध्यस्थानापासून टोकापर्यंतचं अंतर. इथे मध्य 50 वर आहे, म्हणून आयाम 4 सेंटिमीटर.

दोलनकाल वाचताना फसगत होते ती मध्यरेषेवर. रेषा 50 ला 0.2 सेकंदाला छेदते आणि पुन्हा 0.6 ला. हा 0.4 सेकंदांचा फरक म्हणजे अर्धंच दोलन, कारण पहिल्या वेळी वजन वर जात होतं, दुसऱ्या वेळी खाली. त्याच जागी, त्याच दिशेने परत यायला 0.8 सेकंद लागतात, तोच दोलनकाल. एका दोलनापेक्षा दहा दोलनांचा काळ मोजून दहाने भागावं, वाचनातली चूक तेवढीच कमी होते.

आता वेग. एका दोलनात वजन 16 सेंटिमीटर अंतर कापतं, म्हणून सरासरी चाल सेकंदाला 20 सेंटिमीटर. पण हा कमाल वेग नव्हे. टोकांशी रेषा क्षणभर आडवी होते, म्हणजे वजन तिथे थबकतं. ती सर्वांत उभी असते मध्यावर. तिथला चढ हाच कमाल वेग. 0.15 ते 0.25 सेकंदांत रेषा साधारण 48.5 वरून 51.5 वर जाते: 0.1 सेकंदात 3 सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 30. सूत्र सांगतं, 2π × आयाम ÷ दोलनकाल, म्हणजे 31.4. आलेखावरचं उत्तर किंचित कमी भरतं, कारण त्या 0.1 सेकंदातही रेषा जराशी वाकलेली असते. दोन्ही उत्तरं इतकी जवळ आली की वाचन बरोबर आहे, असं खुशाल मानावं.

वजन दुप्पट, म्हणजे 8 सेंटिमीटर ओढलं, तर दोलनकाल 0.8 च राहतो आणि कमाल वेग दुप्पट होतो. याला मर्यादा मात्र आहे. हे वजन नुसतं टांगल्यावर स्प्रिंग जवळपास 16 सेंटिमीटर ताणली जाते. त्याहून जास्त ओढून सोडलं, तर वर जाताना तिचा ताण संपतो आणि वेटोळी एकमेकांवर आदळतात. आलेखात लाटेचा वरचा भाग खालच्यासारखा दिसेनासा होतो. असा आलेख समोर आला, तर वरचं सूत्र त्याला लावू नये.