पत्र बँकेचे, शब्द माणसाचे

बँकेतून निघणारी बरीच पत्रे ठरावीक नमुन्यावर बेतलेली असतात. नाव आणि खाते क्रमांक भरला की पत्र तयार! नियमाच्या दृष्टीने ते बिनचूक असते. पण ते वाचणाऱ्याच्या मनात काय येते, याचा विचार अनेकदा राहून जातो.

समजा, बडोद्यातील एका निवृत्त शिक्षिकेला पुढील पत्र मिळाले:

"महोदय/महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपले खाते निष्क्रिय म्हणून वर्गीकृत करण्यात आले आहे. तरी आवश्यक कागदपत्रांसह त्वरित संपर्क साधावा, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल."

बाईंच्या मनात पहिला प्रश्न येईल, "माझे पैसे गेले का?" त्याचे उत्तर पत्रात नाही. "आवश्यक कागदपत्रे" कोणती, तेही नाही. "अन्यथा" या शब्दाने मात्र धास्ती बसते.

दुरुस्ती करताना आधी नियम समोर ठेवावा. ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते. तरीही व्याज जमा होत राहते आणि खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्क लागत नाही. दहा वर्षे उलटल्यावर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, पण त्यानंतरही ती बँकेकडून परत मागता येते. "नियमानुसार कार्यवाही" या शब्दांआड दडलेला अर्थ एवढाच. मग तोच का लिहू नये?

"श्रीमती (नाव) यांस, नमस्कार. आपल्या बचत खात्यात (अखेरचे अंक ४७१२) आपण दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केलेला नाही, म्हणून ते निष्क्रिय खात्यांत नोंदले आहे. आपली रक्कम सुरक्षित आहे आणि तिच्यावर व्याज मिळत आहे. खाते पुन्हा सुरू करण्यासाठी पासबुक, पॅन कार्ड आणि मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेऊन आमच्या कोणत्याही शाखेत यावे. शुल्क नाही."

खाली अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. पूर्ण खाते क्रमांक छापू नये. पिन वा ओटीपी कधीही मागू नये. असे काही मागणारे पत्र बँकेचे नव्हेच, हे ग्राहकांनीही ओळखावे.

एक सावधगिरी मात्र हवी. रुक्षपणा घालविताना "आपण आमच्या परिवारातील अनमोल सदस्य" असा गोडवा ओतला, तर तोही नमुनाच होतो. ज्या ग्राहकाची दोन वर्षे कोणी विचारपूस केली नाही, त्याला तो खोटा वाटणारच.

पत्र पाठविण्यापूर्वी ते शाखेतील सहकाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावे. काउंटरसमोर उभ्या असलेल्या बाईंशी जे वाक्य आपण बोलणार नाही, ते कागदावरूनही काढावे. मग सहकाऱ्यास विचारावे: पैसे सुरक्षित आहेत का, काय घेऊन जायचे, खर्च किती? तिन्ही उत्तरे त्याला न अडखळता देता आली, तर पत्र टपालात टाकावे.