जानेवारीच्या पगारातून कापलेला जादा कर

खासगी कंपन्यांत एप्रिलमध्ये कर्मचारी वर्षभराच्या गुंतवणुकीचा अंदाज भरून देतो आणि त्यावरून दर महिन्याला कर कापला जातो. डिसेंबर-जानेवारीत पुरावे मागितले जातात. ते मुदतीत पोहोचले नाहीत, तर वेतन विभाग जाहीर केलेली सगळी वजावट काढून टाकतो आणि वर्षाचा कर नव्याने मांडतो. वाढलेला सगळा बोजा उरलेल्या दोन-तीन पगारांवर पडतो. नोकरदाराला हे कळतं ते बहुधा पगार खात्यात जमा झाल्यावरच.

आर्थिक वर्ष 2024-25 मधलं, जुनी करप्रणाली निवडलेल्या एका नोकरदार महिलेचं उदाहरण मांडून पाहू. पुण्यात नोकरी, वार्षिक पगार 12 लाख, त्यात मूळ वेतन 6 लाख आणि घरभाडे भत्ता 2 लाख 40 हजार. घरभाडं महिना 22 हजार. भविष्य निर्वाह निधीचे 72 हजार पगारातूनच कापले जातात, त्यामुळे त्यांचा पुरावा वेगळा लागत नाही. राहून गेले ते भाडेपावत्या, पीपीएफमध्ये भरलेले 78 हजार आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा 34 हजारांचा हप्ता. भाडं वर्षाला 2 लाख 64 हजार. त्यातून मूळ वेतनाचे दहा टक्के, म्हणजे 60 हजार, वजा केले की 2 लाख 4 हजारांचा भत्ता करमुक्त ठरतो. म्हणजे एकूण 3 लाख 16 हजारांची वजावट हुकली.

हे पुरावे धरले तर तिचा वर्षाचा कर उपकरासह 66,976 रुपये होतो. न धरता तो 1,40,556 होतो. डिसेंबरपर्यंत नऊ महिन्यांत सुमारे 50,200 कापले गेले होते, म्हणून जानेवारीत एकदम 30 हजारांच्या आसपास कपात झाली. ही रक्कम पाहून बरेच जण वेतन विभागाला फोन करतात, वाद घालतात. त्याने काही होत नाही. कागदावर मागणी हवी, कारण कलम 192 नुसार पगारावर कर कापताना वजावटीचा पुरावा घेण्याची जबाबदारी कंपनीवर असते. त्याच कलमाच्या पोटकलम 3 मध्ये दिलासाही आहे: आधी जास्त किंवा कमी कापलेला कर त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या पगारांत जुळवून घेता येतो.

पत्र एका पानाचं पुरतं. विषयात कर्मचारी क्रमांक, पॅन आणि आर्थिक वर्ष लिहावं. मजकूर असा असू शकतो:

‘मा. व्यवस्थापक, वेतन विभाग यांस. जानेवारीच्या वेतनपत्रकात माझ्या वेतनातून 30,108 रुपये आयकर कापला आहे. मुदतीत सादर करायचे राहिलेले पुरावे सोबत जोडत आहे. त्यानुसार माझा वर्षाचा कर 66,976 रुपये होतो, तर आजवर 80,340 रुपये कापले गेले आहेत. कलम 192(3) नुसार फेरगणना करून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कपात करू नये, ही विनंती. सुधारित कर-पत्रक मिळावं.’

सोबत भरलेला फॉर्म 12बीबी, भाडेपावत्या व भाडेकरार, पीपीएफ पासबुकातल्या नोंदींची प्रत आणि विमा कंपनीचं हप्ता-प्रमाणपत्र जोडावं. अडतं ते इथेच. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो नसला की वेतन विभाग पावत्या बाजूला ठेवतो. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला असेल, तर वजावट मिळत नाही. आणि पीपीएफची नोंद त्याच आर्थिक वर्षातली हवी. 31 मार्चनंतर भरलेले पैसे पुढच्या वर्षात मोजले जातात.

पत्र मान्य झालं तरी 13,364 रुपये जादा कापलेले राहतातच, कारण जानेवारीतच वर्षाचा पूर्ण कर ओलांडून गेला होता. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. तो भरला गेला, की कंपनीकडून हातात परत मिळण्याची आशा धरू नये. ही रक्कम विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणून मिळते. पत्राने खरी वाचते ती फेब्रुवारी आणि मार्च मिळून साठ हजारांची कपात, म्हणून ते फेब्रुवारीच्या पगाराची यादी बंद होण्याआधी पोहोचायला हवं. मार्चचा पगार निघाल्यावर कंपनी सहसा नाही म्हणते. तेव्हाही हक्क बुडत नाही. याच कागदांच्या आधारे विवरणपत्रात वजावट मागता येते.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. ते पाहूनच पत्रात घालावेत. पत्राची पोच ईमेलवर घ्यावी आणि जूनमध्ये फॉर्म 16 हाती आल्यावर त्यातला कापलेल्या कराचा आकडा वेतनपत्रकांशी आणि फॉर्म 26एएसशी ताडून पाहावा. फरक दिसला तर विवरणपत्र भरण्याआधीच कंपनीला दुरुस्तीसाठी लिहावं.