‘५०% + २०% सूट’ म्हणजे ७०% सूट नाही!

कॉलेजात असताना एका दुकानात ‘५०% + २०% सूट’ अशी पाटी बघून मी २००० रुपयांचे शूज उचलले. मनातल्या मनात हिशोब केला: ७०% सूट, म्हणजे ६०० रुपये. खिशात ७०० होते. बिल आलं ८०० चं! दुकानदाराने फसवलं नव्हतं, मीच चुकलो होतो.

झालं असं की ५०% सूट २००० वर लागली आणि १००० उरले. पुढची २०% सूट या उरलेल्या १००० वर लागते, मूळ किमतीवर नाही. म्हणून ४०० नाही, २०० च कमी झाले. एकूण सूट ६०%.

त्यामुळे टक्क्यांची बेरीज करू नका; प्रत्येक सुटीनंतर जो भाग उरतो, त्याने गुणा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर:

```
2000 × 0.5 × 0.8
```

आधी २०% आणि मग ५० % धरली, तरी उत्तर ८०० च येतं.

नफा-तोट्याच्या गणितात हाच सापळा जास्त बेमालूम असतो. समजा, दुकानदाराने १००० ला घेतलेल्या बॅगेवर ४०% वाढवून किंमत छापली आणि मग ३०% सूट दिली. घाईत आपण ‘१०% नफा’ लिहून मोकळे होतो. पण वाढ १००० वर होती आणि सूट १४०० वर. १४०० चे ३०% म्हणजे ४२०, विक्री ९८० ला. नफा कसला, उलट २० रुपये तोटा. खरेदी किमतीवर मोजला तर २%.

आणि हो, शूज घेतले. वरचे १०० मित्राकडून उसने.