पळस, हळद आणि चिमूटभर सोडा

फाल्गुन लागला की जिंतूर तालुक्यातल्या डोंगराळ भागात आणि शेतांच्या बांधांवर पळस फुलतो. झाडावर पान उरलेले नसते, फक्त केशरी फुले. रंगपंचमीसाठी ही फुले भिजत घालून रंग काढण्याची रीत मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला चांगली परिचयाची आहे. मधल्या काळात बाजारात स्वस्त, भडक आणि पाण्यात टाकताच विरघळणारे रंग आले आणि पळसाचे पातेले मागे पडले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाने, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयाने, वनस्पतींपासून काढलेल्या रंगांवर काम केले आहे. होळीच्या रंगांसाठी वापरता येईल अशी ही पद्धत घरीही जमते. मात्र ती करताना काय घडते आणि कुठे बिघडते, हे समजून घेतलेले बरे.

बाजारी रंगात काय असते?

सुट्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या अनेक रंगांत कापड किंवा कागद रंगवण्याचे औद्योगिक रंग मिसळलेले आढळले आहेत. हिरव्यासाठी मॅलाकाइट ग्रीन, गुलाबीसाठी ऱ्होडामाइन बी, जांभळ्यासाठी जेन्शियन व्हायोलेट ही त्यातली नेहमीची नावे. हे रंग सुताला घट्ट धरावेत म्हणून बनवलेले असतात आणि तो गुण अंगावर आल्यावर अवगुण ठरतो. ओल्या त्वचेला, बुबुळाच्या नाजूक आवरणाला ते चिकटतात आणि चोळून काढायला गेल्यास इजा वाढते. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी होळीच्या रंगांमुळे डोळ्यांना होणाऱ्या इजेचा अभ्यास करून 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात मॅलाकाइट ग्रीनचा धोका स्पष्टपणे मांडला होता.

हा धोका डोळ्यांपुरता मर्यादित नाही. 2012 च्या धुळवडीला मुंबईत धारावीच्या परिसरात रंग खेळल्यानंतर दीडशेहून अधिक जणांना उलट्या, चक्कर, खाज अशा तक्रारींमुळे शीवच्या रुग्णालयात न्यावे लागले. त्यात मुलांचे प्रमाण मोठे होते आणि एका मुलाचा मृत्यू झाला. असा रंग तोंडात जातो, नाकातून फुप्फुसात जातो आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरातही शिरतो. मुले तर रंगलेल्या हातानेच पुरणपोळी खातात.

पळसाचा रंग कसा निघतो?

पळसाच्या पाकळ्यांत ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन नावाची पिवळी रंगद्रव्ये असतात. पाण्यात उकळल्यावर ती सुटी होतात. हे पाणी तटस्थ असेल तर रंग पिवळसर केशरी दिसतो. पाणी किंचित अल्कलीयुक्त झाले की तोच रंग गडद केशरी होतो. पातेल्यात चिमूटभर सोडा टाकण्याची युक्ती यावरच आधारलेली आहे.

कृती साधी आहे. झाडाखाली जुने धोतर किंवा चादर अंथरून गळालेली फुले गोळा करावीत. फांद्या तोडण्याची गरज नसते. प्रत्येक फुलाच्या देठाशी असलेला गडद तपकिरी, मखमली पेला काढून टाकावा, कारण तो राहिला तर रंग मळकट येतो. उरलेल्या पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळवल्यास रंग उडतो आणि अर्धवट ओल्या डब्यात भरल्यास बुरशी येते. पाकळी बोटांत चुरली की कुरकुरीत मोडली पाहिजे, तेव्हाच ती साठवणीला योग्य.

खेळण्याच्या आदल्या रात्री शंभर ग्रॅम सुक्या पाकळ्या एक लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळून, कोमट झाल्यावर दुहेरी सुती कापडातून गाळावे. पाकळ्यांचे बारीक तंतू राहिले तर ते डोळ्यात खुपतात, म्हणून गाळण्यात घाई करू नये. रंग फिका वाटला तर चिमूटभर, म्हणजे लिटरला पाव चमच्याहून कमी, खाण्याचा सोडा टाकून ढवळावे. रंग डोळ्यादेखत गडद होतो. हा अर्क तीन-चार पट पाणी घालून पिचकारीत वापरता येतो.

परभणीत हे करताना एक गोष्ट लक्षात येते. बोअरच्या पाण्यात काढलेला रंग सोडा न घालताही थोडा गडद दिसतो. बोअरचे पाणी जड असते आणि त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते, म्हणजे सोड्याचे काम ते पाणीच करते. अशा पाण्यात वरून सोडा घालण्याची गरज नाही.

बीट आणि हळद: दोघांचे स्वभाव उलटे

बीटचा गुलाबी रंग बेटानिन या द्रव्यामुळे येतो आणि त्याचे वागणे पळसाच्या उलट असते. पळसाला उकळी चालते, बीटला ती चालत नाही. जास्त वेळ उकळले आणि पाणी जड असले की बीटचा रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून बीट किसून कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावे, गाळावे आणि त्यात लिंबाचे दोन-चार थेंब पिळावेत. आम्लता आली की गुलाबी रंग टिकतो.

हळदीचा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळदीचे पाणी नेहमी गढूळ राहते आणि तळाशी साका बसतो. हळद कोरड्या रंगासाठीच योग्य. एक भाग हळद आणि चार भाग मक्याचे किंवा आरारोटचे पीठ एकत्र करून दोनदा चाळले की पिवळा गुलाल तयार होतो. मात्र अंगावर पडलेली हळद साबण लावताच लाल होते. घाबरण्याचे कारण नाही, साबण अल्कलीयुक्त असतो आणि कर्क्युमिन त्यात लाल दिसते. कुंकू हळदीपासून करण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच रसायन आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिका पडतो, कारण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही.

कोरडा केशरी गुलाल हवा असेल तर पळसाचा अर्क उकळून चतुर्थांश करावा. एक किलो मक्याच्या पिठात तो थोडा थोडा घालून हाताने मळावे. मळलेले पीठ चपातीच्या कणकेसारखे झाले तर पाणी जास्त झाले, ओल्या रेतीसारखे राहिले पाहिजे. ते सावलीत ताटात पसरून पूर्ण वाळवावे, मिक्सरवर फिरवावे आणि मलमलच्या कापडातून चाळावे.

पुडीतला रंग खरा आहे का?

पुडीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेले असते, पण आत काय आहे हे कळायला प्रयोगशाळेची गरज नेहमीच नसते. हळदीचा म्हणून विकलेला पिवळा रंग चमचाभर पाण्यात घालून त्यावर खाण्याचा सोडा टाकावा. खरी हळद असेल तर रंग तांबूस होतो. तसाच पिवळा राहिला तर तो हळदीचा नाही. उलट तांबूस झाला म्हणून तो शंभर टक्के शुद्ध आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण हळदीत दुसरा पिवळा रंग मिसळलेला असू शकतो.

पीठ खरे आहे का हेही पाहता येते. थोडी पूड पाण्यात कालवून त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब टाकावा. मक्याचे किंवा आरारोटचे पीठ असेल तर डाग गडद निळा-काळा होतो. शंखजिरे किंवा खडूची भुकटी असेल तर तो होत नाही. व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर खडू आहे असे समजावे. आणि पूड पाण्यात ढवळून तळाशी चमचमते कण बसले तर तो रंग चेहऱ्याला लावू नये. अभ्रकाचे हे कण डोळ्यात ओरखडे पाडतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

घरगुती रंगातही चुका होतात. सोड्याऐवजी पान खायचा चुना घातला तर पळसाचा रंग आणखी गडद होतो, हे खरे. पण चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते आणि ही इजा कायमची राहू शकते. पिचकारीच्या रंगात चुना कधीही घालू नये. दुसरी चूक फुलांच्या निवडीची. मुले बांधावरची दिसेल ती फुले तोडून आणतात. कण्हेर विषारी आहे, धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होऊन अंधुक दिसते आणि रुईचा चीक डोळ्याला दुखापत करतो. ओळखीचे नसलेले झाड पातेल्यात जाता कामा नये.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. बाजारी रंगात टिकवणारी द्रव्ये असतात, घरच्या अर्कात ती नसतात. मार्चच्या उन्हात पळसाचे पाणी दुसऱ्या दिवशीच आंबते. त्याला आंबट वास आला किंवा वर फेस आला की ते झाडाच्या बुंध्याशी ओतून द्यावे. ज्यांना फुलांच्या परागांची किंवा हळदीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहावा. दमा असलेल्यांनी कोरड्या पुडीपासून दूरच राहावे, कारण बारीक पीठ मक्याचे असले तरी श्वासनलिकेला त्रास देते.

तरीही डोळ्यात रंग गेला तर तो कोणताही असो, चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. लाली, दुखणे किंवा अंधुक दिसणे राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि जमल्यास रंगाची पुडी सोबत न्यावी. अंगावरचा रंग काढायला रॉकेल, पेट्रोल किंवा घासणी वापरू नये. पळस, बीट आणि हळद साध्या पाण्याने व साबणाने एक-दोन धुण्यांत बरीच निघते. तुरटीसारख्या रंगबंधकाशिवाय हे रंग सुतावर फार टिकत नाहीत. कापड रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव असली, तरी रंग खेळणाऱ्यासाठी ती सोयच आहे.