गुलालातले सहाशे फोटो, रंगछटा एक

विसर्जन मिरवणुकीचे सहाशे फोटो मंडळाच्या स्मरणिकेत एकाच रंगछटेत छापायचे आहेत, असे समजू. कॅमेरे दोन, उजेड दुपारच्या उन्हाचा, संध्याकाळच्या सावलीचा आणि रात्रीच्या हॅलोजनचा. पायथॉनमधल्या ‘पिलो’ या मोफत लायब्ररीने सगळ्यांवर एकच उबदार छटा चढवणे सोपे आहे. पण उन्हातला फोटो त्याने खुलतो, हॅलोजनखालचा मात्र पिवळाधमक होतो, कारण तो मुळातच पिवळा असतो. म्हणून छटा देण्याआधी सगळे फोटो रंगाने समतोल करावे लागतात.

इथे आपोआप समतोल साधणारी प्रचलित पद्धत घात करते. फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असते, असे ती गृहीत धरते. चौकट गुलालाने भरली की सरासरी गुलाबी निघते. स्क्रिप्ट तो दोष मानून गुलाबी रंग कापते आणि ढोलवादकांचे चेहरे हिरवट पडतात. त्यापेक्षा प्रत्येक कॅमेऱ्यातले फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करावेत, प्रत्येक गटातून स्वच्छ पांढरा कुर्ता दिसणारा एक फोटो निवडावा आणि कुर्ता पांढरा दिसण्यासाठी लागणारी दुरुस्तीच त्या गटाला लावावी. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स मिरवणुकीत ‘ऑटो’वर नसेल, तर हा उपाय चोख बसतो.

छटा चढवल्यावरचा धोकाही गुलालाचाच. कॉन्ट्रास्ट वाढला की लाल रंगाचे मूल्य २५५ या कमाल मर्यादेला टेकते. मग उधळलेल्या गुलालाचे कण, कपड्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जाऊन सपाट डाग उरतो. फोटोची एकूण उजळणी ठीक असल्याने सरासरी पाहून हे कळत नाही. लाल रंग वेगळा मोजावा लागतो.

```python
def laal(img):
    h = img.convert("RGB").getchannel("R").histogram()
    return sum(h[254:]) / sum(h)

if laal(nava) - laal(mul) > 0.03:
    print(naav)
```

मूळ आणि नवा फोटो यांतला फरक मोजण्याला कारण आहे. रात्रीचे दिवे मुळातच मर्यादेला टेकलेले असतात, त्यांचा ठपका स्क्रिप्टवर येऊ नये. तीन टक्के ही सुरुवातीची मर्यादा; ओळखीच्या वीसेक फोटोंवर चालवून ती कमीजास्त करावी.

सर्वांत साधी तपासणी मोजणीची. दोन्ही कॅमेऱ्यांत `DSC_0412.JPG` नावाचा फोटो असू शकतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये साठवले, तर दुसरा पहिल्याला मिटवतो आणि स्क्रिप्ट चकार शब्द काढत नाही. नावापुढे कॅमेऱ्याचे अक्षर जोडावे, मूळ फोल्डरला हात लावू नये, आणि शेवटी सहाशे आत गेले तेवढेच बाहेर आले का ते पाहावे.

मग सगळ्यांच्या छोट्या प्रतिमा वेळेच्या क्रमाने एका पानावर मांडाव्यात. एकेकटे पाहताना चांगले वाटणारे फोटो शेजारी आले की कुठला गट निळसर झुकला, ते लगेच दिसते. दुरुस्ती मग त्या गटाच्या आकड्यात करायची आणि तो गट पुन्हा मूळ फोटोंपासून चालवायचा.